ए-टू ३.४ : हो की नाही?

तुम्ही विचारलंत : "माझ्या रिपोर्टवर ए-टू ३.४ आलंय. खाली 'नॉर्मल' असंही लिहिलेलं नाही आणि 'थॅलेसेमिया कॅरिअर' असंही नाही. मग मी नक्की आहे तरी काय?"

या आकड्यावरून ते सांगता येत नाही, म्हणूनच कुणी लिहिलं नाही. ए-टू हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक प्रकार, तो टक्क्यांत मोजतात. कॅरिअर म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं एक बिघडलेलं जनुक बाळगणारा माणूस. ३.४ हा दोन गावांच्या शिवेवरचा आकडा आहे. तो कुठल्या गावचा, हे बाकीचे तीन कागद बघूनच कळतं: सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लोहाची तपासणी आणि तुमच्या जोडीदाराचा रिपोर्ट. हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहूनच काढते.

मोठ्या माणसाच्या रक्तात मुख्य हिमोग्लोबिन ए. ते ९५ टक्क्यांच्या वर असतं. त्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या. त्याच्याबरोबर दोन-तीन टक्के ए-टू असतं. त्यात बीटाच्या जागी डेल्टा साखळी. उरलेलं थोडंसं एफ, म्हणजे गर्भातल्या हिमोग्लोबिनचा शिल्लक अंश. कॅरिअर माणसाच्या दोन बीटा जनुकांपैकी एक नीट चालत नाही. बीटा कमी पडल्या की डेल्टाला अल्फा साखळ्या जास्त मिळतात आणि ए-टूचं प्रमाण वाढतं. ते सहसा ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान जातं. माणूस धडधाकट असतो. फक्त पेशी लहान आणि ए-टू वाढलेलं, एवढीच खूण.

ही खूण जुनी आहे. १९५५ मध्ये कुंकेल आणि वॉलेनियस यांना स्टार्चवरच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनं वेगळी करताना, मुख्य हिमोग्लोबिनच्या मागे रेंगाळणारी एक बारीकशी पट्टी दिसली. तेच ए-टू. दोन वर्षांत हेही लक्षात आलं की थॅलेसेमिया मायनर असलेल्यांत, म्हणजे कॅरिअरमध्ये, ही पट्टी साधारण दुप्पट जाड असते. आज आपण तीच जाडी मोजतो, फक्त जास्त काटेकोरपणे.

मोजतो ती एचपीएलसी नावाच्या यंत्रावर. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त घेऊन यंत्र पेशी फोडतं आणि ते लाल पाणी एका छोट्या कॉलममधून ढकलतं. कॉलममध्ये ऋणभार असलेले बारीक कण भरलेले असतात. हिमोग्लोबिन त्यांना चिकटतं, मग बफरमधलं मीठ हळूहळू वाढवत नेलं की ज्याची पकड सैल ते आधी सुटतं. आमच्या यंत्रावर एफ मिनिटभरात येतं, ए अडीच मिनिटांपाशी, ए-टू साडेतीन मिनिटांच्या पुढे, त्यानंतर डी, एस, सी या बदललेल्या हिमोग्लोबिनांची रांग. बाहेर पडणाऱ्या प्रवाहावर ४१५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात आणि कागदावर डोंगर उमटतात. ए-टूचा डोंगर म्हणजे ए-च्या कड्याशेजारचं एक वारूळ. त्या वारुळाचा पाया यंत्राने कुठून कुठपर्यंत आखला, यावर दशांशातला एखादा आकडा इकडेतिकडे होतो. तेच रक्त पुन्हा चालवलं तर ३.४ चं ३.३ येईल किंवा ३.५. म्हणून नॉर्मल आणि कॅरिअर यांच्यामधली ३.५ ही रेघ सुरीने कापल्यासारखी धरायची नसते. साधारण ३.२ ते ३.९ पर्यंतचा पट्टा मी संशयितच धरते.

ए-टूच्या खिडकीत नेहमी ए-टूच असतं असंही नाही. ठरावीक मिनिटाला जे कुणी कॉलममधून सुटेल त्याला यंत्र खिडकीवरचं नाव देतं; आत कोण आहे हे ते बघत नाही. हिमोग्लोबिन ई बरोबर त्याच वेळी सुटतं. तेव्हा 'ए-टू २८ टक्के' असा आकडा छापून येतो. खरं ए-टू दहाच्या पुढे जात नाही, म्हणून २८ दिसलं की तो ई आहे असं समजून पुढची तपासणी लावायची. इथे इलेक्ट्रोफोरेसिस कामाला येतं. अल्कधर्मी पट्टीवर, ८.६ पीएचला, ई आणि सी एकाच जागी थांबतात. आम्ल माध्यमात सी वेगळं होतं आणि ई ए-बरोबर राहतं. एस आणि डी यांचंही असंच: पहिल्या पट्टीवर जोडीने, दुसऱ्या पट्टीवर एस अलग. दोन पट्ट्या मिळून नाव कळतं. पण ३.२ आणि ३.७ मधला फरक पट्टीवर डोळ्यांनी कळणं अशक्य. ओळख पटवायला पट्टी, मोजायला कॉलम, असं आमच्याकडे ढोबळ धोरण आहे.

आता तुमच्या ३.४ कडे येते, एका बाईंच्या उदाहरणाने. त्या नऊ आठवड्यांच्या गरोदर होत्या. हिमोग्लोबिन ९.३, एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान ६२, एमसीएच म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन १७.५, ए-टू ३.४, एफ ०.९. बरोबरच्या चिठ्ठीवर फेरिटिन ६. म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. मी तेव्हा या कामात नवी होते. 'लोहाची कमतरता, ए-टू मर्यादेत' असा शेरा लिहून मी कागद पुढे सरकवला. आमच्या मॅडमनी तो परत आणून माझ्यासमोर ठेवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं: लाल पेशी ५३ लाख.

"लोह नाही, हिमोग्लोबिन नऊ, आणि पेशी त्रेपन्न लाख? एवढ्या पेशी बनवायला हिला सुचतंय कसं?"

तो आकडा मी वाचलाच नव्हता. नुसती लोहाची कमतरता असेल तर पेशी लहान होतात आणि संख्येनेही घटतात. कॅरिअरमध्ये पेशी लहानच, पण संख्येने भरपूर. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागलं की हे पटकन दिसतं: ६२ भागिले ५.३, म्हणजे ११.७. हा मेंट्झरचा भागाकार. १३ च्या खाली आला तर थॅलेसेमियाकडे कल, वर गेला तर लोहाकडे. एकट्या या भागाकारावर निदान करू नये, तो पुष्कळदा चुकतो. पण फेरिटिन ६ असूनही तो ११.७ येतो, तेव्हा दाल में काही तरी काळं आहेच.

काळं ते असं. लोह कमी पडलं की ए-टू खाली येतं. लोहाअभावी अल्फा साखळ्या तुटपुंज्या होतात आणि त्या तुटपुंज्या अल्फांना पकडण्यात बीटा डेल्टापेक्षा चपळ असते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. त्यामुळे लोह पुरेसं असतं तर ज्याचं ए-टू ४.२ दिसलं असतं, त्याचं ३.४ दिसू शकतं. उलट बी-१२ किंवा फोलेटची कमतरता ए-टूला किंचित वर ढकलते, आणि कॅरिअर नसलेला माणूस ३.७ घेऊन घाबरतो.

एरवी उपाय सोपा आहे: तीन महिने लोह घ्या, फेरिटिन भरलं की एचपीएलसी पुन्हा करा. पण बाई गरोदर होत्या, आणि गर्भाची तपासणी करायची वेळ आली तर ती ११ व्या आठवड्याच्या सुमाराला करतात. तीन महिने थांबलो असतो तर ती वेळ हातची गेली असती. म्हणून मॅडमनी बाईंची तपासणी तशीच ठेवली आणि नवऱ्याचं रक्त त्याच दिवशी मागवलं. तो नॉर्मल निघाला असता तर घाईच संपली असती, कारण बीटा थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, व्हायला दोन्हीकडून बिघडलेलं जनुक लागतं. बाईंचा उलगडा मग सवकाश झाला असता.

नवऱ्याचं हिमोग्लोबिन १३.१, पेशी ६१ लाख, एमसीव्ही ६६ आणि ए-टू ५.४. त्याला आयुष्यात कधी काही त्रास झाला नव्हता. त्याच्या बाबतीत शंकाच नव्हती, आणि आता बाईंचा ३.४ शिवेवर सोडून चालणार नव्हता. दोघांचं रक्त बीटा जनुकाच्या तपासणीला गेलं. दोघांतही एकेक नेहमीचा बदल सापडला. मग समुपदेशन झालं. चारात एक मेजर, दोन कॅरिअर, एक मोकळं, हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने असतो, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. गर्भाची तपासणी झाली. बाळ कॅरिअर निघालं, आईवडिलांसारखं.

तुमच्याबाबतीतही क्रम हाच. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर फेरिटिन बघा, कमी असेल तर भरा आणि परत मोजा. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आम्हाला आधी सांगा, कारण दात्याच्या पेशी तुमचा आकडा पातळ करतात. लोह व्यवस्थित, पेशींचा आकारही व्यवस्थित आणि तरीही ३.४ असेल, तर बहुतेक वेळा माणूस कॅरिअर नसतो. बहुतेक वेळा, कारण बीटा जनुकातले काही सौम्य बदल एवढे चोरपावलांनी वावरतात की एमसीव्ही ८० च्या आसपास आणि ए-टू याच पट्ट्यात राहतं. डेल्टा जनुकातही बिघाड असेल तर ए-टू आणखी खाली बसतं. आणि अल्फा थॅलेसेमियाचा कॅरिअर तर कॉलमवर दिसतच नाही. लहान पेशी, पुरेसं लोह आणि निर्मळ ग्राफ दिसला की त्याचा विचार करायचा. या सगळ्यांना जनुकाचीच तपासणी लागते. ती प्रत्येकाला लावत नाही, पण जोडीदार पक्का कॅरिअर असेल तर ३.४ असणाऱ्याला लावतेच, लोहाची वाट न बघता.

त्या बाई बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पुन्हा आल्या होत्या. लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या होत्या, फेरिटिन ४१ झालं होतं. हिमोग्लोबिन ११ च्या थोडं पुढे गेलं, पण एमसीव्ही ६७ वर अडकलं. ए-टू ४.३.