ओवी, चित्रण आणि संमतीपत्र एकाच क्रमांकावर आणताना

परभणी जिल्ह्यात गंगाखेड, पाथरी, सोनपेठ भागात जात्यावरच्या ओव्यांचं चित्रण जमत गेलं आणि तीन हार्डडिस्क भरल्यावर खरी अडचण समोर आली. चित्रण एकाकडे, ओव्यांचा मजकूर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आणि संमतीपत्रं तिसऱ्याच्या पिशवीत. नव्या स्वयंसेवकाला एक ओवी वापरायची म्हटलं तर तिघांना फोन करावे लागायचे.

आम्ही आधी फाइलींना गावाचं आणि गाणारणीचं नाव देत होतो. ते टिकलं नाही. एकाच गावात दोन लक्ष्मीबाई निघाल्या, आणि एकीने नंतर सांगितलं, ‘माझं नाव नका टाकू बाप्पा.’ मग ठरवलं की प्रत्येक गाण्याला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्याच्याशी जोडलेल्या प्रत्येक फाइलीत तोच लिहायचा.

```
2024-12-08_GKD_ovi014_cam1_t02.mp4
ovi014_aikleli.txt
ovi014_praman.txt
ovi014_sanmati.pdf
```

तारीख वर्षापासून सुरू केली की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने येतात. GKD म्हणजे गंगाखेड, t02 म्हणजे दुसरा टेक. 14 ऐवजी 014 लिहायचं, नाहीतर काही यंत्रांवर 100 हा 14 च्या आधी येऊन बसतो. फाइलीच्या नावात देवनागरी ठेवलं नाही, कारण एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना किंवा झिप उघडताना ती नावं कधीकधी बिघडतात. गावाचं, गाणारणीचं पूर्ण नाव एका शीटमध्ये असतं, तिथे प्रत्येक क्रमांकाची एक ओळ आहे.

नाव बदलायचं ते कार्डवरून प्रत काढल्यावर आणि संकलन सुरू होण्याआधी. नंतर बदललं की संकलनाच्या प्रकल्पात क्लिप सापडत नाही असा लाल पडदा दिसतो. कॅमेऱ्याची नावं तशीच ठेवणंही धोक्याचं, कारण कार्ड फॉरमॅट केल्यावर काही कॅमेरे पुन्हा C0001 पासून मोजतात. दोन दिवसांचं चित्रण एकाच फोल्डरमध्ये टाकलं आणि घाईत ‘बदला’ दाबलं, की पहिल्या दिवसाचं गेलं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप मूळ म्हणून धरत नाही. ती दाबून लहान केलेली असते आणि नावातली तारीख चित्रणाची असेलच असं नाही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवायची.

मजकुराच्या दोन फाइली का, हे आधी कोणालाच पटत नव्हतं. गाणारीण म्हणते ‘म्हनलं’, आणि लिहिणारा सवयीने ‘म्हटलं’ करतो. उपशीर्षक आणि ओठ जुळत नाहीत, शिवाय तिथली बोली कायमची पुसली जाते. म्हणून ऐकलेला पाठ जसाच्या तसा राहतो, प्रमाण पाठ वेगळ्या फाइलीत.

दुसरी खोड दिसत नाही, फक्त शोधताना कळते. ‘सोयऱ्या’ हा शब्द डोळ्यांना समोर दिसतोय आणि शोधला तर शून्य निकाल. कारण अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो:

```
U+0931 U+094D
U+0930 U+094D U+200D
```

वेगवेगळ्या कीबोर्डवरून दोन्ही येतात. आम्ही पहिली तऱ्हा ठरवली आणि सगळ्या फाइलींत शोधून-बदलून घेतली. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं तर दुसऱ्या यंत्रावर निव्वळ चिन्हांचा ढीग होतो. ते कन्व्हर्टरमधून काढून प्रत्येक ओळ तपासावी लागली, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार.

संमतीत सगळ्यात जास्त चुका सापडल्या. ओवी जुनी, परंपरेची असली तरी तिच्या गायनावर गाणारणीचा हक्क असतो. कायद्यात कलाकाराचा हक्क 50 वर्षांचा आहे. 014 मध्ये शीटवर सहा नावं होती. क्लिप थांबवून चेहरे मोजले तर सात बायका आणि मागे बसलेली एक नात. सातव्या बाईंची संमती नव्हती आणि नातीच्या पालकांची सहीही नव्हती. तेव्हापासून चेहरे मोजल्याशिवाय शीटमधली कोणतीही ओळ ‘पूर्ण’ होत नाही. संमतीत चार गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: गावात दाखवू का, इंटरनेटवर टाकू का, तुकडे करू का, नाव देऊ का. ज्यांना सही येत नाही त्यांना हेच प्रश्न वाचून दाखवून उत्तराचं छोटं चित्रण करतो: `ovi014_sanmati_v3.mp4`, तिसऱ्या बाईंचं.

परवानगीची खूण फाइलीच्या नावात घालावी असं काहींचं म्हणणं होतं. आम्ही टाळलं, कारण संमती मागे घेतली जाऊ शकते आणि मग प्रत्येक नाव बदलावं लागतं. संमती अपुरी असलेली क्लिप ‘THAMBA’ नावाच्या फोल्डरमध्ये असते, तिथून संकलनात घ्यायची नाही.

तपासणीसाठी लातूरच्या एका नव्या मुलीला फक्त शीट दिलं आणि 014 चं इंटरनेटवर चालेल असं चित्रण शोधायला सांगितलं. तिने चार मिनिटांत क्लिप आणि दोन्ही पाठ काढले, पण सातव्या बाईंच्या रकान्यात ‘इंटरनेट : नाही’ दिसल्यावर तिने ती घेतली नाही. त्या दिवशी आम्ही क्लिप THAMBA मध्ये हलवायची विसरलो होतो.