आमची वाटचाल : बुधवारी सगळे, शुक्रवारी चौघंच

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात वडिलांनी एका वेल्डिंग मशीनवर वर्कशॉप टाकलं. आज लेथ आहे, ड्रिल आहे आणि बारा माणसं कामाला आहेत. थ्रेशर, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्रांची दुरुस्ती हे आमचं मुख्य काम. नवीन अवजारं बनवतो, पण घर चालतं ते दुरुस्तीवरच. सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं असतं, आभाळ भरून आलेलं असतं आणि थ्रेशर मोडतो. अशा वेळी शेतकऱ्याला "परवा या" म्हणता येत नाही.

वर्कशॉप वाढत गेलं तशी माणसं टिकवणं अवघड झालं. हात बसलेला वेल्डर बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातो. जे राहतात त्यांची घरची दोन-चार एकर शेती असते. डवरणी आली, फवारणी आली, की न सांगता दांडी. हजेरीपटावर सहा दिवसांचा आठवडा असायचा, पण हंगामात सहाही दिवस भरलेला माणूस विरळाच. नेमका लेथवाला कोणत्या दिवशी गायब होईल याचा तर अंदाजच लागत नसे. माणूस कमी असल्याचा तितका त्रास होत नाही, तो कमी आहे हे सकाळी नऊला कळण्याचा होतो.

यातून आमच्या मॅनेजरनं चार दिवसांच्या आठवड्याची चाचणी सुचवली. ते माझ्या वडिलांच्या काळापासून इथंच आहेत, पोरं त्यांना काकाजी म्हणतात. जुलैच्या शेवटच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बसवलं आणि स्वतःच बोलले. ते काय बोलले हे मला इथं नीट मांडायचं आहे, कारण आमच्यासारख्या वर्कशॉपमध्ये हे कसं जमवायचं असं बरेच जण विचारतात.

सुरुवात त्यांनी तासांपासूनच केली. "आतापर्यंत आपण रोजचे आठ तास, हप्त्याचे सहा दिवस, म्हंजे 48 तास भरत होतो. आता रोजचे नऊ तास आणि चार दिवस, म्हंजे 36. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. मधात जेवणाचा अर्धा तास आणि चहाचे दोनदा पंधरा मिनिटं. पगार तोच राहीन. रोजंदारीवाल्याले सहा रोजाचे पैसे चार दिवसात भेटतीन."

दहा तासांचा दिवस का नको, असं एका फिटरनं विचारलं. तसं केलं असतं तर चाळीस तास भरले असते. काकाजी म्हणाले, 1948 च्या कारखाना कायद्यातली दिवसाला नऊ तासांची मर्यादा आपण इतकी वर्षं पाळली, ती मोडायची नाही. "नवव्या तासालेच हात जड होते, दहाव्याले ग्राइंडर हातातून सुटते. नऊच्या वर थांबावं लागलं तर तो ओव्हरटाईम, दुप्पट दरानं, आणि वहीत लिहून."

मग कमी झालेले बारा तास भरून कसे काढायचे? या प्रश्नाला त्यांनी बगल दिली नाही. 2022 मध्ये ब्रिटनमधल्या 61 कंपन्यांनी सहा महिने असा प्रयोग केला, बहुतेकींनी तो पुढंही चालू ठेवला, हे त्यांनी सांगितलं. पण लगेच पुढचंही सांगितलं : "तिथं बहुतेक ऑफिसचं काम. मीटिंगा कमी केल्या की तास निंगते. शाफ्ट तर लेथवर लागते तेवढाच वेळ घेईन." आमचा वेळ दुसरीकडे जातो. मशीन खोलून ठेवलं, मग कळलं की बेअरिंग नाही, की एक माणूस मोटारसायकल काढून हिंगणघाटला जातो आणि दुसरा त्याची वाट पाहत बसतो. म्हणून नियम ठरला : सामान हातात आल्याशिवाय मशीन खोलायचं नाही, आणि आठवड्याच्या सामानाची यादी बुधवारीच करायची.

खरा घोळ होता तो वर्कशॉप सहा दिवस उघडं ठेवण्याचा. शेतकऱ्याला आपल्या सुट्टीशी काय देणंघेणं? काकाजींनी पत्र्यावर खडूनं तक्ता काढला. चौघांच्या तीन तुकड्या. पहिली सोमवार ते गुरुवार. दुसरी सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शनिवार. तिसरी बुधवार ते शनिवार. बुधवारी गावचा बाजार असतो, सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्याच दिवशी येतं, म्हणून त्या दिवशी बाराही जण. शुक्रवार सगळ्यात थंड असतो, त्या दिवशी एकच तुकडी. बाकी रोज आठ जण. रविवार बंद. दर महिन्याला तुकड्यांचे वार फिरतील, म्हणजे सलग तीन दिवसांची सुट्टी दर वेळी त्याच दोन तुकड्यांच्या वाट्याला जाणार नाही.

तक्ता दिसायला सोपा आहे, पण तो शुक्रवारी मोडू शकतो. थ्रेशरच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा झिजली, तर आधी वेल्डर तिथं भर घालतो, मग लेथवर ती मापात उतरवायची, मग फिटरनं बेअरिंग बसवायचं. तिघांपैकी एक नसला तरी काम अडतं. म्हणजे प्रत्येक तुकडीत वेल्डर, फिटर, हेल्पर आणि लेथवर बसणारा माणूस हवाच. वेल्डर आणि फिटर पुरेसे होते, लेथवाला मात्र एकच. काकाजींनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "दोघाले शिकोशीन का?" तो जरा वेळ गप्प होता. आपली किंमत कमी होईल ही त्याची भीती साहजिक होती. शिकवण्याचा वेगळा भत्ता देईन, हे मी तिथंच कबूल केलं. ते दोघं तयार होईपर्यंत त्यानं मधले दिवस फोनवर उपलब्ध राहायचं, आणि बोलावलं तर तो ओव्हरटाईम धरायचा, असं ठरलं.

चाचणीचा काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. डिसेंबरपासून सुरू करू, तेव्हा काम कमी असतं, असं दोघातिघांचं म्हणणं होतं. मला काकाजींचं उत्तर पटलं : "थंड्या दिवसात कोणतंबी टाइमटेबल चालते. सोयाबीनच्या सोंगणीत टिकलं तरच खरं." पोळ्यापर्यंत घडी बसवायची आणि सप्टेंबरअखेर सुरू होणाऱ्या गर्दीत ती तपासायची. गर्दीत फार अडलं तर तिन्ही तुकड्या पाचव्या दिवशी बोलावण्याचा हक्क मॅनेजरला आहे, पण त्या दिवसाचा रोज वेगळा द्यायचा आणि त्याची नोंद चाचणीच्या विरुद्ध बाजूला धरायची.

आढावा कसा घ्यायचा हेही आधीच ठरवलं. जॉब कार्डावर मशीन कोणत्या तारखेला आलं आणि कोणत्या तारखेला गेलं हे आम्ही आधीपासून लिहितो. गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांची कार्डं बाजूला काढून ठेवली आहेत. त्यांच्याशी चार गोष्टी ताडून पाहायच्या : दुरुस्तीला सरासरी किती दिवस लागले, तेच मशीन त्याच बिघाडासाठी किती वेळा परत आलं, ओव्हरटाईम किती झाला, आणि न सांगता दांड्या किती पडल्या. कुणाला लागलं-खुपलं तर दिवसाचा कितवा तास होता तेही लिहायचं. ओव्हरटाईमवर काकाजींचा विशेष डोळा आहे. दुरुस्तीचे दिवस तेवढेच राहिले पण ओव्हरटाईम फुगला, तर चार दिवसांचा आठवडा फक्त कागदावर आहे, असं समजायचं.

दर बुधवारी चहाच्या वेळी सगळे ही वही पाहतात. सहा आठवड्यांनी तुकड्या बदलता येतील. ऑक्टोबरअखेर काकाजी, मी आणि प्रत्येक तुकडीनं निवडलेला एक जण असे पाच जण बसू. दुरुस्तीचे दिवस आणि परत आलेली मशीनं गेल्या वर्षीपेक्षा वाढलेली नसतील आणि ओव्हरटाईमही वाढलेला नसेल, तर हीच पद्धत पुढं चालेल. तिन्हींपैकी एक जरी बिघडलं, तर आधी पाच दिवसांचा तक्ता करून पाहू, सरळ सहावर जाणार नाही. पगार दोन्हीकडे तोच राहील, हे मी त्या दिवशी लिहून सही करून भिंतीवर लावलं आहे.