सावली गेली तरी डाग राहतो

"दादा, फोटोच्या कोपऱ्यात ड्रोनचीच सावली आली होती, ती पुसली तरी तिथं पांढरट डाग दिसतोय, काय करू?"

तो डाग तुमच्या पुसण्यानं आलेला नाही, तो आधीपासूनच फोटोत असतो. ड्रोनची सावली पडते सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, आणि त्या जागेच्या आजूबाजूला प्रत्येक धसकट, प्रत्येक ढेकूळ आपली सावली आपल्याच मागं लपवतं, त्यामुळं कॅमेऱ्याला तिथली फक्त उन्हाची बाजू दिसते आणि तेवढा भाग उजळतो. म्हणजे काढायच्या गोष्टी दोन आहेत, मधला काळा ठिपका आणि त्याच्याभोवतीचा उजेड, आणि आधी उजेड काढायचा, सगळी मेख इथंच आहे.

लातूरकडचा एक फोटो घ्या. ऑक्टोबर, सकाळचे साडेदहा, सोयाबीन काढलेलं रान, मधे काढलेल्या पिकाची बनीम, कॅमेरा सरळ खाली आणि ड्रोन पंधराएक मीटरवर. अशा वेळी ठिपका कोपऱ्याजवळ येतो. मी आधी लाईटरूममधे त्या कोपऱ्यावर रेडियल मास्क टाकतो, फेदर पूर्ण, एक्सपोजर उणे ०.३ पासून हळूहळू खाली, आजूबाजूच्या रानाशी जुळेपर्यंत. मग फोटोशॉपमधे नवीन लेअरवर क्लोन स्टॅम्प, सॅम्पल 'करंट अँड बिलो' वर, मऊ ब्रश, आणि नमुना पेरणीच्या त्याच तासातून पुढचा-मागचा घ्यायचा, शेजारच्या तासातला घेतला की ओळ तुटते आणि ते लगेच कळतं. उलट क्रमानं केलं तर बाहेरची गडद माती उजळ जागेवर येऊन बसते आणि ठिगळ दिसतं.

झालं की फोटो बोटभर करून बघा, जवळून न दिसलेला डाग लांबून दिसतो. पुढच्या वेळी चाळीसेक मीटरवर गेलात तर लहान ड्रोनची काळी सावली जवळपास विरूनच जाते, कारण सूर्य काही एक बिंदू नाही आणि तेवढ्या लांबून ड्रोन त्याला पूर्ण झाकत नाही. उजेडाचा डाग मात्र उंचीनं जात नाही, तिथं मास्क लागतोच.

फोटोत ड्रोनच्या पंख्याचं टोक आलं तर ते काढणं त्यामानानं सोपं. जोरात पुढं जाताना नाक खाली जातं आणि वरच्या कोपऱ्यात पातं येतं, बहुतेक वेळा ४:३ चा फोटो १६:९ मधे वरून कापला की काम होतं, आभाळात असेल तर हीलिंग ब्रश पुरतो.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो, पीक विम्यासाठी किंवा पंचनाम्यासाठी द्यायचा फोटो असेल तर यातलं काहीच करू नका, सावलीसकट मूळ फाईलच द्या. क्लोन केलेल्या जागेत दुसरीकडचं रान असतं, आणि तिथं खरंच पीक पडलेलं होतं का हे मग कुणालाच सांगता येत नाही.