पैठणीवर एप्रन

मिरजेत दर दुसऱ्या इमारतीवर डॉक्टरची पाटी असते, त्यामुळे आमच्या स्टुडिओत डॉक्टरांची कामं येतातच, पाटी, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड वगैरे. मागच्या पावसाळ्यात एका क्लिनिकच्या वेबसाइटचं काम आलं. चार माणसांचे प्रोफाइल फोटो, सगळे ६०० बाय ६०० चौकोनी, मागं एकच फिकट राखाडी बॅकग्राउंड, आणि सगळ्यांच्या अंगात पांढरा एप्रन. (बाहेरगावच्यांना सांगतो, इकडं डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाला एप्रनच म्हणतात, कोट म्हटलं की दुकानदार लग्नाचा दाखवतो.)

मी म्हटलं मॅडम अर्धा तास द्या, येऊन फोटो काढतो. मॅडम एमडी मेडिसिन, पावसाळ्यात ओपीडी तुडुंब, म्हणाल्या अहो वेळ कुठाय, भाच्याच्या लग्नातला माझा एक छान फोटो आहे तोच घ्या आणि एप्रन-स्टेथो तुम्ही चढवा, तुमच्याकडं होतं ना ते. होतं हो. पासपोर्ट फोटोवाल्या प्रत्येक स्टुडिओत कोट-टायच्या पीएसडीचं, म्हणजे फोटोशॉपच्या फायलींचं, एक फोल्डर असतं, मान कापून त्यावर ठेवली की शेतातून आलेला माणूस पण दोन मिनिटांत बँक मॅनेजर. त्याच फोल्डरात एक डॉक्टरचा ड्रेस पण होता. मला वाटलं तासाभराचं काम.

फोटो आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा, म्हणजे बारीक होऊन. परत मागवला, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं, मग ओरिजिनल मिळाला. फोटो खरंच छान, मॅडम मनापासून हसतायत. पण अंगावर राणी कलरची पैठणी, गळ्यात ठुशी, केसांत गजरा, आणि हॉलचा पिवळा उजेड वर कॅमेरावाल्याचा लाइट डाव्या बाजूनं. म्हणजे आपण फोटोकडं बघताना आपल्या डाव्या बाजूनं. आणि माझ्या पीएसडीतल्या एप्रनवर उजेड उजवीकडून.

अशा वेळी सगळे जे करतात तेच मी केलं, फ्लिप हॉरिझॉन्टल. एप्रन आडवा उलटा केला की सावली योग्य बाजूला येते. मान बसवली, गजरा काढला, स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, पाठवून दिला आणि चहाला गेलो. चहा संपायच्या आत फोन. "अहो, माझा खिसा उजवीकडं कसा गेला? आणि हा स्टेथो केसांवरून का घातलाय, असा घातला तर केस ओढले जातात ना दिवसभर."

बघतो तर खरंच. एप्रनचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो, फ्लिप केल्यावर उजवीकडं गेला. बटणांची पट्टीही फिरली, बायकांच्या कपड्यात उजवी बाजू वर येते आणि पुरुषांच्या डावी, तर मॅडमच्या अंगात आता पुरुषाचा एप्रन होता. तो खिसा तुम्हाआम्हाला दिसणार नाही, पण जो माणूस रोज त्यातून पेन काढतो त्याचा हात आधी तिथं जातो. आणि स्टेथोच्या बाबतीत तर माझा आळस होता. नळी मानेमागून केसांखालून जाते, मी केसांचं मास्क करायचा, म्हणजे केस वेगळे काढायचा, कंटाळा केला आणि वरूनच टाकला. मॅडम पुढं असंही म्हणाल्या की त्याचं छातीला लावायचं टोक एकाच बाजूचं आहे, माझं दोन बाजूंचं असतं, एका बाजूला पडदा आणि दुसरीकडं छोटी वाटी. आता ६०० पिक्सेलमध्ये ते कोण बघतंय, पण मॅडम बघत होत्या, आणि त्यांच्या ओळखीचे शंभर डॉक्टर पण बघणार होते.

मोठी चूक मात्र मॅडमनी सांगितलीच नाही, त्यांना फक्त "काहीतरी चिकटवल्यासारखं" वाटत होतं. ते मला रात्री कळलं, दोनशे टक्के झूम करून बसलो तेव्हा. हनुवटीखाली गुलाबी झाक होती. राणी कलरच्या पैठणीवरून उजेड उडून जबड्याखाली आणि मानेवर पडला होता, साडी मी काढली पण तिचा रंग मानेवर तसाच राहिला. खरा पांढरा एप्रन घातलेल्या माणसाच्या हनुवटीखाली उलट असतं, पांढरं कापड खालून उजेड फेकतं, तिथली सावली उजळ आणि रंग नसलेली दिसते. आणि माझा एप्रन तर नुसता २५५ होता, म्हणजे फोटोशॉपच्या मोजणीत सगळ्यात पांढरा, कोरा कागद, एक घडी दिसत नव्हती. फोटोत पांढरं कापड कधीच तितकं पांढरं नसतं, सगळ्यात उजळ जागा २४० च्या आसपास, घड्यांमध्ये १८० पर्यंत उतरतं, आणि नीळ घातलेली असेल तर थोडं निळं पण दिसतं. चेहरा पिवळा आणि कोट बर्फासारखा, मग चिकटवल्यासारखं दिसणारच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लिनिकवर जाऊन म्हटलं मॅडम तुम्ही येऊ नका, तुमचा एप्रन आणि स्टेथो द्या फक्त. एप्रन केबिनच्या दाराआड खुंटीला, कडक इस्त्रीचा, हसल्या त्या, म्हणाल्या उकाड्यात कोण घालतं, कॉन्फरन्सला जाताना काढते. मी सोबत आमच्या स्टुडिओतली सायली नेली होती. बावीस वर्षांची, बीकॉम, अंगकाठी साधारण मॅडमसारखी, अंगात बंद गळ्याचा फिका निळा कुर्ता, तो मुद्दाम घालायला सांगितलेला, कारण पैठणीवर एप्रन कोण घालतं.

वेटिंगच्या पॅसेजच्या टोकाला मोठी खिडकी आहे. सायलीला स्टुलावर असं बसवलं की खिडकी माझ्या डाव्या हाताला, लग्नातल्या लाइटसारखी. खांदे तितकेच वळवले जितके फोटोत मॅडमचे आहेत, मोबाइलवर तो फोटो उघडून स्टुलाला टेकवून ठेवला होता. कॅमेरा छातीच्या उंचीला. आणि सायलीचा चेहरा फ्रेममध्ये पूर्ण ठेवला, ही गोष्ट महत्त्वाची आहे, नुसता धडाचा फोटो काढला तर नंतर साइज डोळ्यांनी अंदाजे लावावी लागते आणि खांदे पैलवानाचे नाहीतर पोराचे होतात. चेहरा असला की सायलीच्या डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर मॅडमच्या तेवढ्याच अंतराशी जुळवायचं, धड आपोआप मापात येतं, मग सायलीचा चेहरा मास्कनं झाकून टाकायचा.

हे सगळं चालू असताना एक आजी आल्या. हातात पिशवी, पिशवीत रिपोर्ट. मी कॅमेऱ्यात डोकं घातलेलं, मला कळलंच नाही, एकदम आवाज आला, "बाई, जरा पाय बघा की, सुजलाय." आणि आजींनी लुगडं घोट्याच्या वर घेऊन पाय सायलीच्या समोर धरला. सायली गोठली. तिला "मी डॉक्टर नाही" म्हणायचं सुचलंच नाही, आणि आजी तर थांबायला तयार नाहीत, बीपीची गोळी संपली म्हणून आठ दिवस घेतली नाही, रात्री झोपलं की दम लागतो, दोन उशा घ्याव्या लागतात, लेकाला सांगितलं नाही, सगळं. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं पण बघायला लागली. एका बीकॉम मुलीला आयुष्यात कुणी इतक्या विश्वासानं काही सांगितलं नसेल, नुसता पांढरा एप्रन आणि गळ्यात नळी.

शेवटी सायलीनं गळ्यातला स्टेथो काढून स्टुलावर ठेवला आणि धावत जाऊन सिस्टरला बोलावलं. सिस्टरनी दम लागण्याचं ऐकलं आणि आजींना नंबर मोडून थेट आत नेलं. सायलीचे हात थरथरत होते, पुढचे पाच-सहा शॉट हललेले आहेत माझ्याकडं. फोटो झाल्या झाल्या तिनं एप्रन काढला, घडी केली आणि पिशवीत खाली दडवला, वर स्वतःची ओढणी टाकली.

बाकी काम स्टुडिओत झालं. आधी मॅडमच्या चेहऱ्याचा पिवळेपणा काढला, मग एप्रन त्याच्याशी जुळवला, उलटं केलं तर दोन्ही बिघडतात. ठुशी काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, ती गळ्याला घट्ट बसते आणि मानेच्या रेषा तिच्याखालून जातात, नुसतं क्लोन केलं की मान प्लास्टिकची दिसते, म्हणून वरच्या-खालच्या कातडीचे छोटे तुकडे घेऊन रेषा जोडत बसलो. गुलाबी झाक कलर मोडच्या लेयरवर मानेचाच सावलीतला रंग घेऊन घालवली. हनुवटीची सावली कॉलरवर मल्टिप्लायमध्ये, काळ्यानं नाही, एप्रनच्याच घडीतल्या राखाडीनं. स्टेथोला दोन सावल्या दिल्या, एक नळीला चिकटून बारीक आणि गडद, दुसरी पसरट आणि हलकी, एकच दिली की नळी हवेत तरंगते. आणि नळी यावेळी केसांखालून.

बाकीचे सोपे. डेंटिस्ट सरांना एप्रन घातला पण स्टेथो नाही, त्यांनीच आधी सांगितलं होतं की दातांच्या डॉक्टरच्या गळ्यात स्टेथो बघून कॉलेजचे मित्र हसतील. लॅब टेक्निशियनलाही नुसता एप्रन, तो घालतोच रोज.

चौथा फोटो मॅडमच्या दिरांचा. हे क्लिनिकचा हिशेब, बिलं, माणसं बघतात, डॉक्टर नाहीत. त्यांचा मेसेज, "मला पण एप्रन आणि गळ्यात ते चढवा, सगळे एकसारखे दिसले पाहिजेत ना." मुद्दा डिझाइनचा म्हणून चुकीचा नाही, चार चौकोनांत एकच वेगळा दिसला की खटकतो. महिन्यापूर्वी मी चढवून पण दिला असता, पासपोर्टच्या फोटोत शेकडो लोकांना न घातलेले कोट घातलेत मी. पण यावेळी माझ्या डोळ्यांपुढं आजींचा पाय येत होता. मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, मॅडमना फोन लावला, विचारलं भाऊंना एप्रन घालू का.

पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, "त्यांना काय झालंय? पेशंट छातीत दुखतंय म्हणून त्यांना फोन करायचा एखादा." आणि मग जरा विचार करून, "कोट-टाय आहे ना तुमच्याकडं? तो घाला."

आजींचं काय झालं ते पण विचारलं मी. ॲडमिट केलं होतं, चार दिवसांनी घरी गेल्या.

तर वेबसाइटवर आता तीन एप्रन आहेत आणि एक नेव्ही ब्लू कोट, लाल तिरप्या पट्ट्यांचा टाय. भाऊ खूश आहेत, रुबाबदार दिसतंय म्हणाले. मी बोललो नाही त्यांना, पण त्याच फोल्डरातला तोच टाय घालून मिरजेतल्या निम्म्या पोरांचे नोकरीच्या अर्जाचे फोटो गेलेत.