ताप कधी चढला, ते आधी सांगा

«डॉक्टर, डास तोच, ताप तसाच, अंगदुखीही तशीच. मग डेंग्यू की चिकनगुनिया हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि पहिल्याच दिवशी सगळ्या टेस्ट एकदम करून का टाकत नाही?»

मी दोन गोष्टी बघतो: दुखतंय नेमकं कुठे, आणि आज तापाचा कितवा दिवस आहे. पहिल्या गोष्टीवरून संशय कुठे जातो ते ठरतं. कोणती टेस्ट आज खरं बोलेल आणि धोका अजून पुढे आहे का, हे दुसरीवरून कळतं. म्हणून दवाखान्यात बसल्या-बसल्या माझा पहिला प्रश्न असतो, «ताप कधी चढला? वार सांगा, सकाळी की रात्री तेही सांगा.» लोक म्हणतात, «झाले चार-पाच दिवस.» या दोन आजारांत चौथा आणि पाचवा यांत फार अंतर आहे.

एका घरातले दोन रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. सोलापूर जिल्ह्यातलं गाव, दिवस गणपतीनंतरचे. पंचेचाळिशीच्या मावशी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा, दोघंही गुरुवारी सकाळी आले. मुलाला सोमवारी पहाटे ताप भरला होता, मावशींना मंगळवारी संध्याकाळी. घरच्यांचा समज असा की दोघांना एकच आजार आहे, तेव्हा एकाची टेस्ट केली की दुसऱ्याचं कळेल.

मावशी भिंतीला धरून आत आल्या. मंगळवारी संध्याकाळी हुडहुडी भरली आणि बुधवारी सकाळी चहाचा कप उचलवेना. मनगटं, बोटांचे सांधे, घोटे, दोन्ही बाजूंचे सारखेच धरलेले. मनगटावर सूज दिसत होती आणि हलकं दाबलं तरी त्या कळवळत होत्या. दंडावर आणि छातीवर बारीक लाल पुरळ उठलं होतं. चिकनगुनियाचा संशय मी इथेच धरतो. हाडं मोडल्यासारखं दोन्ही आजारांत वाटतं, त्यामुळे नुसतं दुखणं उपयोगाचं नाही. मी सांध्यावर सूज आहे का, मूठ वळते का, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकता येतं का, हे बघतो. चिकनगुनियाचा विषाणू सांध्यांच्या आतल्या अस्तरालाच दाह करतो, तोही पहिल्या एक-दोन दिवसांत.

मुलाची तक्रार वेगळी होती. कपाळ आणि डोळ्यांच्या मागे ठणका, डोळे फिरवले की जास्त. कंबर, मांड्या, पोटऱ्या दुखत होत्या, पण मूठ घट्ट वळत होती आणि एकही सांधा सुजलेला नव्हता. अन्न नको, मळमळ, दोन उलट्या. डेंग्यूत पुरळ बहुतेकदा उशिरा, ताप उतरताना येतं. त्याच्या अंगावर तेव्हा काहीच नव्हतं, चेहरा तेवढा लालसर.

दोघांचं सीबीसी केलं. मावशींच्या पांढऱ्या पेशी ३,९०० आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे थोडं कमी पण घाबरण्यासारखं नाही. मुलाच्या पांढऱ्या पेशी २,६००, प्लेटलेट ९२ हजार, पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४२ टक्के. चिकनगुनियातही प्लेटलेट उतरतात, पण सहसा एवढ्या नाही. एक लाखाखाली आकडा गेला, पांढऱ्या पेशी पडल्या आणि सांधे मोकळे आहेत, असं दिसलं की माझा कल डेंग्यूकडे जातो. मलेरियासाठी दोघांच्या रक्ताची काचही सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. पावसाळ्यातल्या तापात ती मी सोडत नाही.

आता टेस्टचं. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो तेव्हा एनएस-१ नावाचं त्याचं प्रथिन रक्तात सापडतं. साधारण पहिले पाच दिवस ही टेस्ट कामाची. पाचव्या दिवसाच्या आसपास शरीर आयजीएम अँटिबॉडी तयार करू लागतं, तेव्हापासून आयजीएमची टेस्ट बोलू लागते. चिकनगुनियासाठी एनएस-१सारखी रोजच्या वापरातली टेस्ट आपल्याकडे नाही. पहिल्या आठवड्यात विषाणू शोधायचा तर पीसीआर, नाहीतर पाच-सात दिवस थांबून आयजीएम. मुलगा चौथ्या दिवशी होता, त्याचं एनएस-१ एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने केलं आणि ते पॉझिटिव्ह आलं.

मावशींनी येण्याआधीच बाहेर एका लॅबमध्ये «तापाचं पॅकेज» केलं होतं. त्यात चिकनगुनियाचं आयजीएम निगेटिव्ह, डेंग्यूचं निगेटिव्ह. कागद पुढे करून मुलीने विचारलं, «मग आईला चिकनगुनिया नाही ना?» तापाच्या दुसऱ्या दिवशी अँटिबॉडी शोधल्या तर त्या सापडणारच नाहीत. त्या कागदावरून आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि नातेवाईक निश्चिंत होतात हे मला जास्त खटकतं. पुढच्या मंगळवारी, आठव्या दिवशी, तीच टेस्ट पुन्हा केली तेव्हा पॉझिटिव्ह आली. पीसीआर मी लगेच सांगितलं नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी त्यांचे उपचार तेच राहिले असते. बाळंतपण जवळ आलेली बाई असती, नवजात बाळ असतं किंवा ताप मेंदूकडे गेल्याची लक्षणं असती, तर थांबलो नसतो. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात चिकनगुनियाचा विषाणू असेल तर बाळाला लागण होऊ शकते आणि ती गंभीर असू शकते.

पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था दोन्ही आजारांच्या आयजीएम एलायझाचे किट बनवते, आणि ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते. पट्टीवरच्या झटपट टेस्टपेक्षा माझा भरवसा एलायझावर जास्त. एनएस-१ निगेटिव्ह आलं तरी डेंग्यू नाही असं मी म्हणत नाही. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या रक्तातल्या जुन्या अँटिबॉडी ते प्रथिन लवकर झाकून टाकतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त बिघडण्याची भीती असते. म्हणजे जिथे धोका मोठा, तिथेच ही टेस्ट चुकण्याची शक्यता जास्त.

म्हणून निदान पक्कं होईपर्यंत मी दोघांनाही डेंग्यूच समजून वागवलं. मावशींना वेदना असह्य होत होत्या आणि त्यांना डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन हवं होतं, शेजारणीला एका इंजेक्शनात आराम पडला होता. मी दिलं नाही. डेंग्यू असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या-इंजेक्शनांनी रक्तस्राव वाढू शकतो. मापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, सरबत, पेज, आणि रोज सीबीसी. ताप उतरून दोन दिवस झाले, धोक्याचं एकही लक्षण नाही आणि प्लेटलेट ठीक आहेत, हे बघितल्यावरच दाह कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या.

मुलाचा ताप शुक्रवारी रात्री उतरला. घरी सगळ्यांना हायसं वाटलं. डेंग्यूत मी याच वेळेला सगळ्यात जास्त घाबरतो. ताप उतरतो त्याच सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं आणि ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. शनिवारी सकाळी त्याच्या पोटात सारखं दुखू लागलं, तीन उलट्या झाल्या, हातपाय गार, लघवी कमी. प्लेटलेट ४८ हजार आणि पीसीव्ही ५१. नातेवाईकांची नजर ४८ हजारावर होती, माझी ५१ वर. बेचाळीसवरून एक्कावन्न म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त वाढ. रक्त घट्ट झालंय, पाणी निघून गेलंय. त्याला लगेच दाखल करून सलाइन मोजून सुरू केलं आणि दर काही तासांनी पीसीव्ही, नाडी, रक्तदाब आणि लघवी बघत राहिलो. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं तर शॉक आला असं समजायचं. त्याचं अंतर तीसच्या खाली गेलं नाही. सोमवारी लघवी मोकळी झाली, पीसीव्ही ४१ वर आला आणि सलाइन बंद केलं, कारण झिरपलेलं पाणी आता परत येतं आणि जास्तीचं सलाइन छातीत साठतं. प्लेटलेटची पिशवी लागली नाही. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी मी ती देत नाही. चिकनगुनियात अशी गळती सहसा होत नाही. म्हणून हे दोन आजार वेगळे ओळखायची घाई आहे.

एकाच घरात दोन विषाणू आले कसे? दोन्ही एडिस डासाच्या मादीतून येतात, गावात आणि शहरात मुख्यतः एडिस इजिप्ती. ती दिवसा चावते, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. जरा हललं की उडते आणि दुसऱ्याला चावते, त्यामुळे एका पोटभर रक्तासाठी घरातल्या तिघा-चौघांना डसते. रक्तातून आलेला डेंग्यूचा विषाणू तिच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, चिकनगुनियाला त्याहून कमी. म्हणून चिकनगुनिया आला की आख्खी आळी बघता बघता लंगडू लागते. कधी एकाच माणसाला दोन्ही एकदम होतात. तेव्हा सांधे सुजलेले असले तरी पीसीव्ही सोडून चालत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९७३ साली बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. मग तो देशातून दिसेनासा झाला आणि २००५च्या अखेरीस परत आला. पुढच्या वर्षी देशभर तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. एकदा चिकनगुनिया झालेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही, त्यामुळे मधल्या तीस वर्षांत ज्यांना तो कधी झालाच नव्हता अशी पिढीच्या पिढी तयार झाली होती.

त्या घरात मी पाणी बघायला गेलो. पिंप, रांजण, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचा एक टायर. रांजणात वळवळणाऱ्या अळ्या दिसत होत्या. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासायला सांगितलं. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात.

मुलगा पंधरा दिवसांत कॉलेजला गेला. मावशींची मनगटं मात्र तीन महिन्यांनीही सकाळी आखडत होती. आयजीएम पुन्हा करू का, असं त्यांनी विचारलं. ते कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं आणि त्यावरून दुखणं कधी जाईल ते कळत नाही, म्हणून नको म्हणालो. त्याऐवजी आमवाताच्या रक्ततपासण्या केल्या आणि त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं.