पेरणीआधीच्या शिबिरासाठी तीस सेकंद

रेडिओसाठी जाहिराती लिहिण्याच्या माझ्या कामात सर्वांत जास्त विचार करायला लावणारा मजकूर लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी होणाऱ्या ट्रॅक्टर तपासणी शिबिराचा होता. ट्रॅक्टर विक्रेत्याने हाती दिलेल्या कागदावर वीस मुद्द्यांची तपासणी, सुट्या भागांवरील सवलत, सोडतीतील बक्षिसे, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची नावे आणि तीन मोबाईल क्रमांक असे सर्व काही होते. तो कागद सावकाश वाचायलाच दीड मिनिट लागत होते, आणि विकत घेतलेली वेळ तीस सेकंदांची होती.

तीस सेकंदांत मराठीचे साधारण साठ ते सत्तर शब्द बसतात. सुरुवातीला एखादा आवाज वापरायचा असेल, तर त्यातले तीन सेकंद तिथेच जातात. दहा आकडी मोबाईल क्रमांक समजेल असा एकदा उच्चारायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि गोठ्यात धार काढताना किंवा बांधावर काम करताना रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या हाती तो लिहून घ्यायला कागद-पेन नसते. म्हणून क्रमांक मी सर्वांत आधी काढले. शिबिराला नाव नोंदवून येण्याची गरज नव्हती. ठिकाण आणि वार लक्षात राहिला की पुरे होते. पाहुण्यांची नावे त्यानंतर गेली. सोडतीचा उल्लेख वगळायला विक्रेते तयार नव्हते, परंतु बक्षिसासाठी येणारा माणूस ट्रॅक्टर घरी ठेवून मोटारसायकलवर येईल, हे सांगितल्यावर त्यांना ते पटले.

उरलेल्या सेकंदांत काय सांगायचे, हे मला त्यांच्या कार्यशाळेतील ज्येष्ठ मेकॅनिकने दाखवले. उन्हाळी नांगरटीनंतर आलेल्या एका ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ एअर क्लीनरचा तळाचा वाडगा त्यांनी क्लिपा काढून खाली घेतला. त्यात ऑइल उरलेच नव्हते, काळ्या मातीचा घट्ट चिखल साचला होता. इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि भार पडला की काळा धूर येतो. वाडगा डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरले की बहुतेक वेळा धूर कमी होतो. नाही झाला, तर नोझल किंवा पंप पाहावा लागतो. खुणेच्या वर ऑइल भरू नये, कारण ते इंजिनात ओढले जाते, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

दुसरी गोष्ट औत उचलणाऱ्या हायड्रॉलिकची होती. पेरणी यंत्र प्रत्येक ओळीच्या टोकाला, बांधाशी वळताना उचलावेच लागते. उचल मंद असेल किंवा उचललेले यंत्र हळूहळू खाली बसत असेल, तर ऑइलची पातळी, गाळणी आणि आतील सील तपासावी लागतात, आणि सील बदलणे हे तासाभराचे काम नव्हे.

हे ऐकून मी वीस मुद्द्यांची यादी बाजूला ठेवली. "हायड्रॉलिक प्रणालीची तपासणी" या शब्दांनी कुणाला आपला ट्रॅक्टर आठवत नाही. "औत उचलायला वेळ लागतो" म्हटले की ज्याच्याकडे तसे होत आहे, त्याचे लक्ष त्याच क्षणी वेधले जाते. म्हणून मी फक्त दोन लक्षणे घेतली. डिझेल फिल्टरमधले पाणी, क्लचचा खेळ, बॅटरी, ब्रेक हे सर्व शिबिरात तपासले जाणारच होते. ते रेडिओवर सांगायची आवश्यकता नव्हती.

सर्वांत लांब चर्चा "मोफत" या मुद्द्यावर झाली. मूळ कागदावर "मोफत सर्व्हिसिंग" असे होते. प्रत्यक्षात तपासणी आणि मजुरी मोफत होती. ऑइल, फिल्टर आणि भाग विकतच घ्यावे लागणार होते. पेरणीआधी बियाणे आणि खत यांतच शेतकऱ्याचा हात रिकामा झालेला असतो. तो दहा-बारा किलोमीटर डिझेल जाळून आला आणि तिथे त्याला बिल मिळाले, तर तो फसवणूक झाल्याचेच गावात सांगेल आणि ते खरेही असेल. पैशांचा उल्लेख केला तर लोक येणार नाहीत, अशी विक्रेत्यांची भीती होती. मी चार सेकंद त्या वाक्याला द्यायचे ठरवले आणि त्यावर ठाम राहिलो. मेकॅनिकने माझी बाजू घेतली, कारण बिलावरून होणारी भांडणे त्यांच्याच वाट्याला येणार होती.

तारखेबाबतही बदल करावा लागला. शिबिर जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचे ठरले होते. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग सांगतो. तेवढा पाऊस होऊन वाफसा आला की सोयाबीन पेरायला मोजकेच दिवस मिळतात. डिझेल पंप दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा लागला, तर तो परत यायला आठवडाही लागू शकतो. दोष सापडल्यावर दुरुस्तीला वेळ उरावा, म्हणून शिबिर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील रविवारी घेण्यात आले.

अखेरीस ध्वनिमुद्रणासाठी गेलेला मजकूर असा होता :

(स्टार्टर दोनदा फिरतो, इंजिन सुरू होत नाही.)

शेतकरी : वाफसा आलाय अन् ट्रॅक्टर चालूच होईना!

शेजारी : मामा, पेरणीच्या आधी दाखवायचा होता.

निवेदक : ट्रॅक्टर तपासणी शिबिर, येत्या रविवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, बाजार समितीच्या आवारात. चढावर काळा धूर येतो? औत उचलायला वेळ लागतो? दाखवून घ्या. तपासणी आणि मजुरी मोफत. ऑइल, फिल्टर, सुट्या भागांचे पैसे द्यावे लागतील. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा चालेल. येत्या रविवारी, बाजार समितीच्या आवारात. ट्रॉली सोडून, ट्रॅक्टर घेऊन या.

सुरुवातीला इंजिनाची धडधड न घेता स्टार्टरचा आवाज घेण्याचे कारण असे, की मोबाईलच्या किंवा लहान रेडिओच्या स्पीकरमध्ये जड आवाज विरून जातो, आणि फिरूनही न धरणारा स्टार्टर मात्र ट्रॅक्टरवाल्याला लगेच ओळखू येतो. वार आणि ठिकाण दोनदा घेतले, कारण अनेक जण जाहिरात मध्यापासून ऐकतात. शेवटची सूचना मेकॅनिकची होती. ट्रॉल्या आल्या तर आवारात ट्रॅक्टर वळवायला जागा राहत नाही. "येत्या रविवारी" हे शब्द शनिवारी ऐकणाऱ्याला पुढच्या आठवड्याचे वाटू शकतात, म्हणून शनिवारसाठी "उद्या रविवारी" असा वेगळा मजकूर मुद्रित केला.

पहिल्या वाचनाला चौतीस सेकंद लागले. निवेदकाने वेग वाढवून ते तिसात बसवले, पण "मजुरी मोफत" आणि "पैसे द्यावे लागतील" ही वाक्ये एकमेकांत मिसळली, आणि नेमके तेच मला चालणार नव्हते. मी "अनुभवी मेकॅनिक" आणि "आधुनिक उपकरणे" हे तोवर उरलेले शब्द काढले, आणि त्या दोन वाक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचा विराम ठेवला.

रविवारी मी आवारात गेलो होतो. नोंदणीच्या टेबलावर "काय त्रास आहे" असे विचारले की बरेच जण आपणहून "चढाला काळा धूर टाकतो" असे सांगत होते, आणि मेकॅनिक थेट एअर क्लीनरचा वाडगा उघडत होते. बिलावरून वाद झाला नाही. क्लचची तक्रार घेऊन आलेले मात्र थोडेच होते, आणि तपासणीत क्लचचा खेळ बिघडलेले ट्रॅक्टर बरेच निघाले. रब्बीपूर्वीच्या शिबिराचा मजकूर लिहिताना मी औताच्या वाक्याच्या जागी क्लचसाठी "गिअर टाकताना आवाज येतो?" हे वाक्य घेतले.