बादलीभर गुलाबी

रविवार, रात्री

आज सकाळी बाथरूममधून हाक आली, "ताई, जरा येता का?" आवाजावरूनच कळलं, काहीतरी झालंय. आमच्या खोलीत नुकतीच आलेली सटाण्याची मुलगी बादलीसमोर उकिडवी बसली होती. बादलीत नवरात्रासाठी मेन रोडवरून घेतलेला लाल कुर्ता आणि त्याला बिलगून कॉलेजच्या युनिफॉर्मचे तीन पांढरे शर्ट. म्हणजे कालपर्यंत पांढरे. घरी कपडे आई धुते, इथे आल्यापासूनची ही पहिलीच धुलाई. सोलरचं कढत पाणी, वर मूठभर पावडर, आणि सगळं एकत्र रात्रभर भिजत. सुती कुर्त्याचा सुटा रंग निघायला याहून सोयीचं काही नाही.

तेवढ्यात आईचा फोन. स्पीकरवर. "अगं, त्यातच मूठभर मीठ टाक, रंग बसतो." ती मिठाचा पुडा आणायला निघालीच होती. मी हात धरला.

माझे मामा येवल्यात पैठणीच्या रेशमाला रंग देतात. सुट्टीत त्यांच्याकडे बसून एवढं नक्की शिकले की रेशीम आणि कापूस यांचं रंगाशी नातं वेगळं. रेशमाचा रंग आंबट पाण्यात चढतो, म्हणून तिथे व्हिनेगरसारख्या आम्लाला काम असतं. सुताला आंबट पाण्याने काही होत नाही. सुताला रंग देताना पाण्यात मीठ घालतात, पण ते रंग कायमचा पक्का करायला नव्हे, तर पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलायला. आता इथे पाण्यात रंग आहे आणि धागा शर्टांचा! मीठ टाकलं असतं तर उरलासुरला रंगही शर्टांनीच पिऊन टाकला असता. आईंना हे सांगताना माझी जरा पंचाईत झाली, पण त्यांनी ऐकून घेतलं.

कुर्ता आधी वेगळा काढला. शर्ट गार पाण्यात विसळत राहिलो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग एक शर्ट उजेडात धरला तर गंमत दिसली. कापड गुलाबी, पण कॉलरवरची शिलाई पांढरीशुभ्र! शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा, त्याला सुताचा रंग चढतच नाही. बाकीचे दोन शर्ट फिकट गुलाबी का, तेही त्यावरून कळलं. लेबल पाहिलं तर ते दोन्ही मिश्र कापडाचे निघाले, त्यातल्या सुतानेच काय तो रंग घेतलेला. पूर्ण सुती होता तो एकच, आणि तोच सगळ्यात वाईट.

शर्ट वाळू द्यायचे नाहीत, एवढं तिला बजावलं. एकदा वाळले, त्यावर इस्त्री फिरली, की डाग काढणं अवघड होऊन बसतं. दरम्यान शेजारच्या खोलीतली एकजण क्लोरीनच्या ब्लीचची बाटली आणि लिंबू घेऊन मदतीला आली. "दोन्ही एकत्र घाल, लगेच जाईल." ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि आमच्या बाथरूमला एक वीतभर झरोका. तिला लिंबू सरबताला ठेवायला सांगितलं.

मी वापरलं ते ऑक्सिजन ब्लीच, किराणा दुकानात डाग काढायची पावडर म्हणून मिळतं ते. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाकिटावर लिहिलंय तेवढं विरघळवून शर्ट बुडवून ठेवले. हे झटपट काम करत नाही, तासन् तास लागतात, आणि पाणी गार झालं की जवळजवळ थांबतंच. दुपारी पाणी बदलून पुन्हा तसंच केलं. संध्याकाळी मिश्र कापडाचे दोघे पांढरे झाले. सुती शर्टाची पाठ निवळली, पण कॉलर आणि कफ, जिथे कापड दुहेरी आहे, तिथे अजून गुलाबी झाक आहे. त्याला उद्या परत बुडवायचं. तेवढ्याने नाही गेलं तर क्लोरीनचं ब्लीच, पाण्यात पातळ करून, लिंबाशिवाय.

कुर्त्याचं काय? दुकानदाराने पक्का रंग म्हणून दिला होता. रंगवल्यावर धुवायचा राहिलेला जास्तीचा रंग असेल तर चार-पाच वेळा वेगळा गार पाण्यात धुतला की थांबेल. रंगच कच्चा असेल तर दर धुण्याला थोडा थोडा जातच राहणार. ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर दाबून धरला, की कळतं. आजचा रुमाल चांगलाच लाल निघाला.

तिला तो कुर्ता घालून कालिकेच्या यात्रेला जायचंय. मी म्हटलं, जा, पण पांढरी ओढणी घेऊ नकोस, आणि गर्दीत घाम आला तर माझ्यापासून लांब चाल. ती म्हणाली, "ताई, तुमचा ड्रेस काळाच आहे ना?"